साडेदहा मीटरची अब्रू

पडदे घ्यायला निघालेलं कुटुंब दुकानात शिरतं ते सोफ्याचा रंग पाठ करून. मोबाइलमध्ये सोफ्याचे चारी बाजूंनी काढलेले फोटो असतात. फोटोंवर विश्वास नसलेल्या गृहिणीने उशीचा अभ्राच पिशवीत घालून आणलेला असतो. दुकानदारही पहिला प्रश्न तोच विचारतो, "सोफा कोणत्या कलरचा?" खिडकी पूर्वेची की पश्चिमेची, मजला कितवा, समोर काय आहे आणि त्या समोरच्या गॅलरीत संध्याकाळी कोण बसतं, हे त्याला कुणी सांगत नाही आणि तोही विचारत नाही. वास्तविक शेजारीपाजारी खिडकीतून डोकावतात ते आपल्याला बघायला. सोफा बघायला येणारे दारातून येतात.

पडद्याला तीन गिऱ्हाइकं सांभाळायची असतात. दिवसा बघणारे, रात्री बघणारे आणि सूर्य. तिघांच्या वेळा वेगळ्या, खोड्या वेगळ्या. एकाच कापडात तिघांना गुंडाळायला गेलं की दिवसा अंधार होतो, रात्री प्रदर्शन होतं आणि ऊन यायचं ते येतंच.

माझ्या मावसबहिणीने सिंहगड रोडला फ्लॅट घेतला, तेव्हा ही तिन्ही गिऱ्हाइकं एकाच बेडरूमच्या वाट्याला आली होती. चौथा मजला, खिडकी पश्चिमेची, समोरची इमारत तीसेक फुटांवर. तिथल्या पाचव्या मजल्यावरच्या गॅलरीत एक आजोबा खुर्ची टाकून पेपर वाचत बसायचे. आजोबा सज्जन दिसत होते. पण एक पेपर वाचायला पाच तास लागतात, हे ताईला पटत नव्हतं.

ताईच्या मनात पांढरे, झिरझिरीत पडदे होते. दुकानात त्यांना शीअर म्हणतात. मालिकांतल्या श्रीमंत घरांत ते वाऱ्यावर हलत असतात आणि त्यांच्याआडून सून सगळं ऐकत असते. दिवसाच्या गिऱ्हाइकांसाठी हे कापड खरोखर उत्तम. बाहेर लख्ख उजेड आणि खोली त्यामानाने अंधारी असते, तेव्हा बाहेरून बघणाऱ्याच्या डोळ्यांत पडद्यावर पडून विखुरलेला उजेडच भरतो आणि मागची खोली त्यात बुडून जाते. त्यासाठी पडदा पांढरा किंवा फिका हवा, कारण तो उजेड जास्त उधळतो. आतून मात्र आपल्याला बाहेरचं बरंचसं दिसत राहतं. आपण बघायचं आणि दिसायचं नाही, ही मध्यमवर्गाची जुनीच इच्छा या कापडाने पुरी केली आहे. पण फक्त सूर्यास्तापर्यंत.

दिवे लागले की सगळा कारभार उलटतो. आता उजेड आत आणि अंधार बाहेर. पडदा तोच, पण प्रेक्षक आणि रंगमंच यांची अदलाबदल झालेली असते. शेठजींनी "दोन दिवस घरी लावून बघा" म्हणून दिलेला तुकडा ताईने खिडकीला टाचला, ट्यूबलाइट लावली आणि भावोजींना खाली रस्त्यावर पिटाळलं. ही परीक्षा प्रत्येकाने घ्यावी. दुकानातल्या दिव्यांच्या झगमगाटात कुठलंच कापड आपला स्वभाव दाखवत नाही.

"दिसतंय का?" ताईने फोनवर विचारलं.

"दिसतंय."

"काय दिसतंय?"

"तू. कानाला फोन लावलेली. कपाटावरची माझी सूटकेस. आणि इस्त्रीचे कपडे अजून पलंगावरच पडलेत."

एवढ्यात वॉचमनने त्यांना हटकलं. तो नवा होता. भावोजी म्हणाले, "अहो, मी माझ्याच बेडरूमकडे बघतोय." वॉचमन शांतपणे म्हणाला, "सगळे असंच सांगतात, साहेब."

मग ताईने झिरझिरीत तुकडा काढून तपकिरी जाडसर कापड टाचलं. आता ताई दिसत नव्हती, पण तिची सावली दिसत होती, आणि ती चांगली ठसठशीत. ही या खेळातली दुसरी पायरी. कापड आरपार दिसू देत नाही, म्हणजे काम झालं असं नाही. दिवा खोलीच्या आतल्या भिंतीवर असला आणि माणूस दिवा आणि पडदा यांच्या मध्ये आला की पडद्यावर छायानाट्य सुरू होतं. माणूस पडद्याच्या जितका जवळ तितकी आकृती रेखीव. यावर उपाय दोन. एक तर दिवा खिडकीच्याच भिंतीवर घ्यायचा, म्हणजे सावली खोलीत पडते. नाहीतर कापडाला मागून अस्तर लावायचं. ताईच्या घरी वायरिंग होऊन वर रंगही लागला होता, त्यामुळे अस्तराचा मार्ग उरला.

दुकानात अस्तराचं नाव काढलं की शेठजी लगेच ब्लॅकआउटचा गठ्ठा पुढे ओढतात. यात दोन जाती आहेत. पहिल्या जातीत कापडाच्या पाठीवर रबरी किंवा फेसाळ लेप चढवलेला असतो. काळोख हवा तर हाच, कारण लेपातून उजेड जवळजवळ येतच नाही. पण त्यात सुई जिथे शिरते तिथे भोक कायमचं राहतं. उन्हाच्या वेळी शिलाईच्या रेषेवर उजेडाचे टिपके चमकू लागतात. शिंप्याने चुकून टीप घातली, उसवली आणि पुन्हा घातली, तर टिपक्यांच्या दोन ओळी. शिवाय लेपाच्या बाजूने गरम इस्त्री फिरली की लेप इस्त्रीबरोबर निघून येतो, आणि मशीनमध्ये पिळून निघाला की काही वर्षांनी त्याचे पापुद्रे सुटतात. दुसऱ्या जातीत लेप नसतो. विणतानाच पोटात काळा धागा घातलेला असतो. हे कापड मऊ पडतं, त्याच्या चुण्या छान बसतात, धुताना जीव मुठीत धरावा लागत नाही. उजेड अगदी शंभर टक्के अडत नाही, पण सावली अडते. पांढरा रंग मात्र त्यात मळकट दिसतो, कारण पोटातला काळा धागा लपत नाही.

ओळखायचं कसं? मोबाइलचा टॉर्च कापडाच्या मागे धरायचा. टॉर्चचा ठिपका दिसला तर साधं कापड, अंधूक डाग दिसला तर विणीतलं, काहीच दिसलं नाही तर लेपाचं. शेठजी टॉर्चकडे नाराजीने बघतात, पण नाही म्हणत नाहीत.

आता सूर्य. पश्चिमेच्या खिडकीला गडद जांभळा जाड पडदा लावला म्हणजे उन्हाळा बाहेर राहील, अशी भावोजींची समजूत होती. पण ऊन काचेतून आत येऊन मगच पडद्यावर पडतं. म्हणजे पडदा त्याला अडवतो तो घरात घेतल्यावर. गडद कापड ते ऊन पिऊन तापतं आणि खोलीला शेक देत राहतं. काचेकडची बाजू पांढरी किंवा फिकी असली तर निदान काही ऊन आल्या पावली परत जातं. म्हणून अस्तर पांढरं; खोलीच्या बाजूला हवा तो जांभळा लावा. उष्णता खरोखर रोखायची तर ती काचेच्या बाहेरच अडवावी लागते. वाळ्याचे पडदे आणि बांबूच्या चिका जुनी माणसं बाहेरून सोडत असत, ती काही हौस म्हणून नव्हे.

एवढं होईपर्यंत कापड ठरलं: काचेजवळ पांढरं शीअर, आणि खोलीकडे विणीतल्या ब्लॅकआउटचं, पांढऱ्या पाठीचं, फिक्या मातकट रंगाचं. दिवसा शीअर ओढलेलं, दुपारच्या उन्हात आणि दिवेलागणीला दुसरा. तीन गिऱ्हाइकांना दोन पडदे. आता खरा वादाचा विषय उरला, तो म्हणजे वरचं डोकं. पडदा वर कसा टांगायचा, यावर उजेड किती गळणार हे ठरतं, आणि उजेड कापडातून कमी, कडांनी जास्त गळतो.

सध्या राज्य आहे ते आयलेटचं, म्हणजे स्टीलच्या गोल रिंगांचं. एक इंची पाइप घ्यायचा, रिंगा ओवायच्या, झालं. ओढायला सोपा, काढायला सोपा. सकाळी कुणी तो उघडला की रिंगा पाइपवरून खर्रर्र करत जातात आणि शेजारच्या खोलीतलाही माणूस उठतो, हा फायदा वेगळाच. रिंगा प्रत्येक पडद्याला समसंख्येने हव्यात, तरच दोन्ही कडा भिंतीकडे वळतात. विषम झाल्या तर एक कड खोलीकडे तोंड करून उभी राहते. पण आयलेटची अडचण दुसरी आहे. पाइप भिंतीपासून तीनेक इंच पुढे असतो आणि पडदा नागमोडी उभा राहतो. वरून भिंत आणि पडदा यांच्यामध्ये फट, बाजूंनी फट, आणि दोन पडदे जिथे भेटतात तिथे ते कडेला कड लावून उभे, एकावर एक नाहीत. दुपारी चार वाजता छतावर उजेडाची एक पट्टी आणि पलंगावर बरोबर उशीच्या जागी दुसरी. ब्लॅकआउट कापडाचे पैसे मोजून त्याला आयलेट लावणं म्हणजे दाराला भक्कम कुलूप लावून खिडकी उघडी टाकून गावाला जाणं.

दुसरा प्रकार पाइप ओवायच्या पॉकेटचा, म्हणजे परकराच्या नेफ्यासारखाच. तो पाइपवर सरकत नाही, अडकतो. पण शीअर दिवसभर ओढलेलंच राहणार असेल तर सरकायची गरज कुणाला आहे? तिथे हा स्वस्त प्रकार चालतो.

तिसरा प्रकार चुण्यांचा. वर कडक पट्टी, ठरावीक अंतरावर तीन-तीन चुण्या एकत्र शिवलेल्या, त्यांच्या मागे हुक, आणि हुक ट्रॅकमध्ये. हा महाग पडतो, शिवायला वेळ लागतो आणि भावोजींच्या मते "लग्नाच्या हॉलसारखा" दिसतो. पण उजेडाच्या दृष्टीने हाच खरा. ट्रॅक भिंतीला जवळ बसतो, दोन्ही टोकांचा शेवटचा हुक वळवून भिंतीलाच अडकवता येतो, म्हणजे बाजूची फट बंद. मध्ये ट्रॅकचे दोन भाग तीन-चार इंच एकमेकांपुढे घेतले की पडदे एकावर एक येतात. हुक वरखाली करून लांबीही अर्धा-एक इंच सुधारता येते. आयलेटमध्ये भोक पडलं की पडलं.

मग माप. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच. जमिनीपासून तीन फुटांवर सुरू, सात फुटांवर संपते. शेठजींनी मान न उचलता सांगितलं, "दोन पन्ने." पन्ना म्हणजे गठ्ठ्यावरच्या कापडाची रुंदी, इथे 48 इंच. दोन पन्ने म्हणजे 96 इंच आणि खिडकी 60 इंच, तेव्हा हिशेब वरवर उदारच वाटतो. पण ट्रॅक खिडकीएवढा नसतो. पडदा उघडल्यावर त्याचा गठ्ठा काचेवर न राहता भिंतीवर जायला हवा, म्हणून दोन्ही बाजूंना नऊ-नऊ इंच वाढवले. ट्रॅक झाला 78 इंच. बाजूच्या वळणाला दोन्हीकडे चार-चार, मधल्या चढाला चार. म्हणजे झाकायचे आहेत 90 इंच. दोन पन्न्यांतून बाजूच्या दुमडी गेल्या की उरतात अठ्ठ्याऐंशीच्या आसपास. चुण्या घालणार कशाच्या? पडदा चादर वाळत घातल्यासारखा सपाट ताणला जाणार, आणि मध्ये फट पडणारच.

"शेठजी, चार पन्ने," ताई म्हणाली.

"चार? ताई, पाच फुटी खिडकीला लोक दोन घेतात. तुम्हाला म्हणून तीन."

शेठजींनी कापड कमी विकायचा आग्रह धरावा, असा प्रसंग विरळाच. पण त्यामागे कारण होतं: त्या गठ्ठ्यात चार पन्ने निघत नव्हते. चारच्या रुंदीतून दुमडी आणि जोड गेले की 180 इंच उरतात, म्हणजे 90च्या बरोबर दुप्पट. चुण्यांच्या पडद्याला ही किमान मर्यादा आहे. त्याखाली तो पडदा राहत नाही, पडद्याचा नमुना होतो.

आता उंची. ट्रॅक खिडकीच्या सहा इंच वर, म्हणजे जमिनीपासून 90 इंच. पडदा कुठवर यावा, याची शास्त्रं अनेक. परदेशी मासिकांत तो जमिनीवर लोळताना दाखवतात. तिथे रोज सकाळी ओल्या फडक्याने लादी पुसली जात नसावी. आपल्याकडे लोळता पडदा आठ दिवसांत खालून काळपट होतो, आणि लादी पुसणाऱ्या मावशी त्याची गाठ मारून तो वर टांगतात. ती गाठ मग संध्याकाळपर्यंत कुणी सोडत नाही आणि चुण्यांचा खर्च गाठीत जातो. म्हणून जमिनीपासून एक इंच वर. तयार लांबी 89 इंच.

शिवायला मात्र त्यापेक्षा जास्त लागतं. वरच्या पट्टीला चार इंच, आणि खाली चार इंचांची दुहेरी दुमड म्हणजे आठ. एकूण 101 इंच. चार पन्ने म्हणजे 404 इंच, सव्वादहा मीटरला किंचित वर. दुकानात साडेदहा सांगायचे. कापड साधं होतं म्हणून हे भागलं. ताईला आधी आवडलेल्या मोठ्या फुलांच्या कापडात दर 24 इंचांनी तेच फूल येत होतं. तिथे प्रत्येक पन्न्याचं फूल शेजारच्या फुलाशी जुळवायचं तर 101 वरून थेट 120 इंचांवर उडी, म्हणजे दीड ते दोन मीटर कापड नुसतं फुलांच्या ओळखीपाळखीत गेलं असतं.

हा सगळा खटाटोप टाळायला लोक तयार पडदे घेतात. ते पाच, सात आणि नऊ फुटांत मिळतात. साडेसात फुटांवरच्या पाइपला सात फुटी पडदा लावला की तो जमिनीपासून सहा इंच वर तरंगतो, आणि पुराच्या पाण्यातून चालताना विजार वर धरावी तसा घरभर दिसतो. नऊ फुटी घेऊन खालून कापावा, हे शहाणपणाचं. पण कापून घेणार, घेणार म्हणत तो आधी गाठीत जातो.

आखूड पडदा नेहमीच वाईट असतो असं नाही. मुलाच्या खोलीत खिडकीखाली अभ्यासाचं टेबल आहे. तिथे जमिनीपर्यंत पडदा सोडला तर तो वह्यांवर लोळणार, शाईचे हात पुसायला मिळणार आणि पंख्याच्या वाऱ्याने पेन्सिली पाडणार. तिथे खिडकीच्या कठड्याखाली सहा इंच येईल एवढाच पडदा केला, आणि शीअरच्या खालच्या दुमडीत शिंप्याकडून बारीक वजनाची साखळी ओवून घेतली. पंखा पाचवर असला तरी ते जागचं हलत नाही.

आणि अर्ध्या पडद्याला तर मी हात जोडते. चाळीत, सरकारी कचेऱ्यांत, दवाखान्यांत खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला दोन हुकांत ताणलेली स्प्रिंगची तार आणि तिच्यावर एक हात रुंद पट्टी असायची. येता-जाता डोकावणाऱ्याची नजर त्याच उंचीवर अडायची, वरच्या अर्ध्यातून दिवसभर उजेड. तळमजल्यावर आजही याच्याइतकं नेमकं काही नाही. पण नजर कुठून येते ते आधी बघावं. आजोबा पाचव्या मजल्यावर, ताई चौथ्यावर. म्हणजे नजर वरून खाली उतरते, आणि अर्धा पडदा तिथे काहीच लपवत नाही. उलट खोलीतली फरशीसुद्धा दिसते.

शिंपी येऊन माप घेऊन गेला. मास्टर अनुभवी होता. त्याने फक्त एकच प्रश्न विचारला, "कापडात कॉटन आहे का?" नव्हतं. असतं तर त्याने ते आधी पाण्यातून काढायला लावलं असतं, कारण सुती कापड पहिल्या धुण्यात तीन-चार टक्के आटलं तरी 89 इंचांतून तीनेक इंच जातात. दिवाळीच्या साफसफाईत धुतलेला पडदा मग पाडव्याला विजारीच्या उंचीवर येतो आणि सगळे धोब्याला नावं ठेवतात.

पडदे लागले. दुपारी चार वाजता खोलीत संधिप्रकाश, छतावर पट्टी नाही, उशीवर ऊन नाही. भावोजींना रात्री पुन्हा खाली पाठवलं. वॉचमनने या वेळी खुर्ची दिली. काही दिसलं नाही, अशी खात्री करून ते वर आले, आणि ताईच्या मनावरचा आजोबांचा भार उतरला.

पंधरवड्याने आजोबाच भाजीच्या गाडीशी भेटले. म्हणाले, "ताई, तुमचे पडदे कुठून घेतलेत? सूनबाई मागे लागल्यात. त्यांचं म्हणणं, तुमच्या खिडकीतून आमच्याकडचं सगळं दिसतं." ताई क्षणभर गप्प झाली. मग तिने दुकान सांगितलं, मास्टरचा फोन नंबर दिला आणि पन्ने चार घ्या म्हणून बजावलं.

"आमचा शिंपी तीनच म्हणतोय," आजोबा म्हणाले.

"तुमची मर्जी," ताई म्हणाली. "पण तीन घेतलेत तर मधली फट आमच्या बाजूने दिसेल."